ओसरत्या जाहिरातीचा हिशेब : हुंडीच्या वटावाने केलेले मोजमाप

मुदती हुंडी हाती आली की जुना व्यापारी दोन गोष्टी पाहत असे. एक, रक्कम किती. आणि दुसरी, ती कधी हाती पडणार. तीन महिन्यांनी मिळणारे शंभर रुपये आजच्या शंभर रुपयांबरोबर नसतात, हे त्याला कोणी शिकवावे लागत नसे. तो हुंडी वटवताना मधल्या काळाचे व्याज कापून घेई आणि उरलेली रक्कम हीच तिची आजची किंमत मानी. जाहिरातीच्या बाबतीत मात्र त्याच पेढीवर, त्याच गादीवर बसलेला माणूस हा हिशेब विसरतो. दिवाळीनंतर विक्री वाढलेली दिसली की जाहिरात फळाला आली असे तो समजतो. पुढच्या महिन्यात विक्री उतरली की पैसे वाया गेले असे त्याला वाटते. दोन्ही निष्कर्ष घाईचे असतात. जाहिरातीचा परिणाम एका दिवसात संपत नाही आणि कायमही टिकत नाही. तो महिन्यामागून महिना ओसरत जातो. म्हणूनच जाहिरातीवरील खर्च म्हणजे पुढील अनेक महिन्यांच्या, उत्तरोत्तर लहान होत जाणाऱ्या मुदती हुंड्यांची एक माळच होय. त्या साऱ्या हुंड्या वटवून आज किती रक्कम होते, आणि ती खर्चापेक्षा अधिक की उणी, एवढाच खरा प्रश्न असतो.

हा हिशेब प्रत्यक्ष कसा मांडावा हे पाहण्यासाठी परभणी शहरातील एका कापड दुकानाचे उदाहरण घेऊ. दुकान कल्पित आहे, आकडेही सोयीसाठी गोल केले आहेत. परंतु परिस्थिती जिल्ह्यातील व्यापाऱ्यांच्या नित्य परिचयाची आहे. या दुकानाची एक शाखा जिंतूर येथे आहे. सोयाबीनचे पैसे शेतकऱ्याच्या हाती आलेले, कापसाची आवक सुरू झालेली आणि लग्नसराई तोंडावर आलेली, अशा मार्गशीर्ष महिन्याच्या आरंभी मालकाने फक्त परभणीच्या दुकानासाठी जाहिरात केली. स्थानिक दैनिकांत जागा घेतली, वसमत रस्त्यावर आणि स्टेशनजवळ फलक लावले, केबलवर पट्टी चालवली आणि आसपासच्या गावांतून भोंगा लावलेली रिक्षा फिरवली. एकूण खर्च ३,००,००० रुपये झाला व तो सारा आरंभीच द्यावा लागला.

वाढलेली विक्री आणि जाहिरातीने वाढलेली विक्री

पहिली पायरी सर्वांत कठीण आहे. जाहिरात केली नसती तर विक्री किती झाली असती, हे ठरवल्यावाचून जाहिरातीने किती वाढवली हे सांगता येत नाही. सर्वसाधारण रीत म्हणजे मागील वर्षाच्या त्याच महिन्याशी तुलना करणे. परंतु कापड, सोने आणि भांडी यांच्या व्यापारात इंग्रजी महिन्यांची तुलना हमखास फसवते. २०२४ मध्ये लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला होते, तर २०२५ मध्ये ते २१ ऑक्टोबरला आले. या दोन वर्षांच्या नोव्हेंबरची विक्री समोरासमोर ठेवली तर २०२५ ची दिवाळीनंतरची मंदी उगीचच मोठी दिसेल, आणि ऑक्टोबरमध्ये कोणतीही जाहिरात न करताही भरघोस यश मिळाल्याचा भास होईल. म्हणून सणाशी व लग्नाशी बांधलेल्या व्यापारात तुलना तिथीने करावी, मार्गशीर्षाची मार्गशीर्षाशी आणि पौषाची पौषाशी. अधिक मास आला तर त्याची वेगळी नोंद ठेवावी. २०२६ मध्ये ज्येष्ठ अधिक आहे. त्या महिन्यात लग्ने लागत नाहीत, त्यामुळे विक्री पडली तरी तो दोष जाहिरातीच्या ओसरण्याचा नव्हे.

तिथी जुळवूनही एक अडचण उरते. यंदा पीकपाणी बरे झाले, भाव चांगला मिळाला, तर जाहिरात न करताही विक्री वाढतेच. येथे जिंतूरची शाखा कामी येते. पाऊस, सोयाबीनचा भाव, लग्नांचे मुहूर्त हे सारे तिलाही लागू आहे. फक्त जाहिरात तिच्या वाट्याला आलेली नाही. समजा जिंतूरची मार्गशीर्षातील विक्री गतवर्षी ८,००,००० रुपये होती व यंदा ८,८०,००० झाली, म्हणजे दहा टक्क्यांनी वाढली. परभणीची गतवर्षीची त्याच महिन्याची विक्री २०,००,००० होती. ती जिंतूरच्याच चालीने वाढली असती तर २२,००,००० झाली असती. ही अपेक्षित विक्री. प्रत्यक्ष विक्री २६,००,००० झाली. तेव्हा जाहिरातीच्या नावे ४,००,००० रुपये लिहावेत, ६,००,००० नव्हे. मधले दोन लाख चांगल्या हंगामाचे आहेत.

या तुलनेला एक पथ्य आहे. जिंतूरचे गिऱ्हाईक जाहिरात ऐकून परभणीच्या दुकानात आले, तर जिंतूरची विक्री उतरेल आणि परभणीची चढेल. म्हणजे अपेक्षित आकडा खोटा लहान आणि वाढ खोटी मोठी दिसेल. एकच चूक दोन्ही बाजूंनी मोजली जाईल. म्हणून भोंग्याची रिक्षा ज्या गावांत फिरवली, त्या गावांतील लोक एरवी कोणत्या शाखेत येतात हे बिलांवरील गावाच्या नावावरून तपासून घ्यावे. बिलावर गाव लिहिण्याची सवय नसेल तर ती जाहिरातीच्या किमान दोन महिने आधी लावावी.

शंभराच्या विक्रीत हाती किती उरते

दुसरी पायरी म्हणजे विक्रीवरून अंशदानावर येणे. विक्रीची रक्कम वस्तू व सेवा कर वगळून घ्यावी. मग शंभर रुपयांच्या जादा विक्रीमागे जो खर्च खरोखर वाढला तेवढाच वजा करावा. या दुकानात मालाची खरेदी ७० रुपये, वाहतूक व हमाली दीड रुपया, सेल्समनचे कमिशन दोन रुपये, पिशवी आणि फॉल-पिकोची सवलत दीड रुपया, असे मिळून ७५ रुपये जातात. उरले २५ रुपये; हेच अंशदान. दुकानाचे भाडे, मुनिमाचा पगार, दिव्यांचे बिल यांतून काही वजा करायचे नाही, कारण जाहिरात केली नसती तरी ते द्यावेच लागले असते. मात्र लग्नसराईच्या गर्दीसाठी दोन हंगामी मुले ठेवली असतील तर त्यांची मजुरी अवश्य धरावी.

याप्रमाणे चार लाखांच्या जादा विक्रीतून पहिल्या महिन्याचे अंशदान १,००,००० रुपये होते. तीन लाख घातले आणि महिन्यात एक लाख आले, असे म्हणून हिशेब येथेच मिटवला तर जाहिरात बुडीत ठरते. परंतु हुंड्यांची माळ अजून संपलेली नाही.

ओसरण्याचे प्रमाण

पुढच्या महिन्यांतही त्याच रीतीने अपेक्षित विक्री काढून वजा केल्यावर समजा जादा विक्री पौषात २,८०,००० आणि माघात १,९६,००० रुपये आढळली. प्रत्येक महिन्याचा आकडा आधीच्या महिन्याच्या सत्तर टक्के आहे. हे सत्तर टक्के म्हणजे जाहिरातीचा टिकाव. फलक उतरले, रिक्षा थांबली, तरी एकदा दुकान पाहून गेलेले गिऱ्हाईक पुन्हा येते, शेजारणीला सांगते, लग्नघरातील साडी पाहून दुसरे कोणी पत्ता विचारते. त्याच वेळी काही जण विसरतात, काहींना दुसऱ्या दुकानाची जाहिरात ओढून नेते. या दोन्हींचा मेळ म्हणजे टिकावाचे प्रमाण.

आता माळ मांडता येते. अंशदान पहिल्या महिन्यात १,००,०००, मग ७०,०००, ४९,०००, ३४,३००, २४,०१० आणि सहाव्या महिन्यात १६,८०७ रुपये. पुढे ती अशीच झिजत जाते. सारी बेरीज ३,३३,३३३ रुपयांवर येऊन थांबते. पहिल्या महिन्याच्या आकड्याला गळतीच्या प्रमाणाने, म्हणजे ०.३ ने, भागले की हाच आकडा मिळतो.

शेवटी वटाव. बाजारात या मालकाला दरमहा शेकडा दीड रुपया व्याज पडते. मग महिनाअखेर मिळणाऱ्या एका लाखाची आजची किंमत ९८,५२२ रुपये, दुसऱ्या महिन्याच्या सत्तर हजारांची ६७,९४६, तिसऱ्याची ४६,८६०, चौथ्याची ३२,३१७ अशी उतरत जाते. साऱ्या माळेची बेरीज एका भागाकारात मिळते. पहिल्या महिन्याचे अंशदान घ्यावे आणि त्याला व्याजासह एक रुपया उणे टिकाव या संख्येने भागावे:

१,००,००० ÷ (१.०१५ − ०.७) = ३,१७,४६०

यातून तीन लाखांचा खर्च वजा जाता १७,४६० रुपये उरतात. जाहिरात फायद्याची ठरली, पण जेमतेम. विक्रीच्या भाषेत सांगायचे तर तीन लाखांवर तेरा लाखांहून अधिक जादा विक्री झाली. चौपटीचा हा आकडा जाहिरात विकणाऱ्याच्या तोंडी मोठा शोभून दिसतो. मालकाच्या खिशात मात्र साडेसतरा हजार आले.

कशावर भिस्त आहे

एवढ्या थोड्या नफ्याचा निर्णय कोणत्या आकड्यावर उभा आहे हे पाहणे अगत्याचे असते. व्याज दीडऐवजी दोन टक्के धरले तर माळेची किंमत ३,१२,५०० होते. एक टक्का धरले तर ३,२२,५८१. फरक पाच हजारांच्या आसपास. परंतु टिकाव सत्तरऐवजी पासष्ट टक्के निघाला तर किंमत २,७३,९७३ वर येते आणि २६,००० रुपयांचा तोटा होतो. पंचाहत्तर निघाला तर ती ३,७७,३५८ होऊन ७७,००० हून अधिक नफा होतो. जी जाहिरात लवकर ओसरते तिच्यात व्याजाचा दर फार फरक करीत नाही, कारण बहुतेक पैसा पहिल्या काही महिन्यांतच येऊन जातो. टिकावाच्या प्रमाणात पाच टक्क्यांची चूक झाली तर मात्र निर्णयच उलटतो. म्हणून बँकेच्या दराविषयी घासाघीस करण्यापेक्षा महिन्याचे आकडे नीट टिपण्यात वेळ घालवावा.

आणि नेमके तेच अवघड आहे. कोणत्याही दुकानाची विक्री जाहिरातीवाचूनही वर-खाली होत असते. ही हलचल किती, हे जाहिरातीच्या आधीच्या महिन्यांवरून कळते. जाहिरात नसलेल्या मागील सहा महिन्यांसाठीही जिंतूरच्या चालीने परभणीची अपेक्षित विक्री काढावी आणि ती प्रत्यक्षाशी ताडून पाहावी. हा फरक कधी लाखभर अधिक, कधी लाखभर उणा येत असेल, तर पहिल्या महिन्याचे चार लाख स्पष्टपणे जाहिरातीचे आहेत. चौथ्या महिन्याचे १,३७,२०० रुपये त्या गोंगाटात जेमतेम डोके वर काढतात आणि पाचव्या महिन्याचे ९६,०४० त्यात बुडून जातात. म्हणजे मोजता येतील असे महिने चारच. त्या चार महिन्यांच्या अंशदानाची आजची किंमत २,४५,६४५ रुपये होते. उरलेले जवळजवळ ७१,८०० रुपये ‘पुढेही असेच ओसरेल’ या विश्वासावर धरलेले आहेत. खर्च भरून निघतो तो आठव्या महिन्यात, म्हणजे परिणाम दिसेनासा झाल्यानंतर. हिशेब मांडताना हे दोन भाग वेगळे दाखवावेत. जे मोजले ते मोजलेले, जे मानले ते मानलेले.

एका काढ्याची वही

जाहिरात किती काळ टिकते हा प्रश्न जगभर अभ्यासला गेला तो एका विलक्षण वहीमुळे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातील लिन या गावी लिडिया पिंकहॅम हिच्या नावाने स्त्रियांसाठी वनस्पतींचा एक काढा विकला जाई. तोही घरचाच धंदा. घराण्यातील दोन शाखांत वाद होऊन प्रकरण न्यायालयात गेले आणि त्यामुळे विक्री व जाहिरातखर्चाचे आकडे बाहेर आले. १९०७ ते १९६० पर्यंतची ही आकडेवारी अभ्यासकांना सोन्याची खाण वाटली, कारण माल वर्षानुवर्षे जवळपास तोच होता, त्याच्या जोडीला उभा राहील असा सरळ प्रतिस्पर्धी नव्हता, आणि धंद्याचा सारा भार जाहिरातीवर होता. विक्रीच्या निम्म्याच्या आसपास रक्कम तिच्यावर जाई. १९६४ मध्ये क्रिस्टियन पाल्डा यांनी या आकड्यांवरून जाहिरातीचा साठत जाणारा परिणाम मोजला.

पुढे १९७६ मध्ये डॅरल क्लार्क यांनी अशा अनेक अभ्यासांची तुलना करून एक महत्त्वाची गोष्ट दाखवली. वर्षाचे एकत्र आकडे वापरणाऱ्या अभ्यासांत जाहिरातीचा परिणाम कित्येक वर्षे टिकलेला दिसे. महिन्याचे आकडे वापरणाऱ्यांत तो फार लवकर ओसरे. लांबलेला परिणाम बाजारातला नव्हता, तो मोजपट्टीतला होता. स्वस्त, वारंवार घेतल्या जाणाऱ्या, बाजारात रुळलेल्या वस्तूंच्या बाबतीत नव्वद टक्के परिणाम तीन ते नऊ महिन्यांत संपतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. सत्तर टक्के टिकाव असेल तर नव्वद टक्के परिणाम साधारण साडेसहा महिन्यांत संपतो, म्हणजे वरील उदाहरण या पट्ट्यातच बसते. लग्नाचे कापड चहा-साबणासारखे वारंवार घेतले जात नाही, हा भेद ध्यानात ठेवावा. परंतु वर्षअखेरीच्या ताळेबंदावरून जाहिरातीचा टिकाव ठरवू नये, हा धडा परभणीच्या पेढीलाही तितकाच लागू आहे. महिन्याचा रोजमेळ, शक्य तर आठवड्याचा, हाच पुरावा.

तीन ठिकाणी हिशेब फसतो

पहिले ठिकाण सवलतीचे. मालकाने जाहिरातीसोबत महिनाभर ‘पाच टक्के सूट’ असा फलक लावला असता, तर जी २२,००,००० ची विक्री तशीही होणारच होती तिच्यावरही सूट द्यावी लागली असती. ती एकटीच १,१०,००० रुपये होते, म्हणजे जाहिरातीच्या पहिल्या महिन्याच्या साऱ्या अंशदानाहून अधिक. सूट देऊन वाढवलेल्या विक्रीचा हिशेब करताना ही गळती जाहिरातीच्या खर्चातच धरली पाहिजे.

दुसरे ठिकाण ओढून आणलेल्या विक्रीचे. फाल्गुनात घ्यायचा बस्ता जाहिरात पाहून मार्गशीर्षातच घेतला, तर मार्गशीर्षाची विक्री चढते आणि फाल्गुनाची अपेक्षितापेक्षा खाली जाते. पुष्कळ व्यापारी चढ मोजतात आणि उतार ‘मंदी’ म्हणून सोडून देतात. जिंतूरमध्ये मंदी नसताना परभणीची विक्री अपेक्षितापेक्षा कमी झाली, तर तो उणा आकडा माळेत उणा म्हणूनच लिहावा.

तिसरे ठिकाण उधारीचे, आणि मराठवाड्यात ते सर्वांत खोल आहे. भोंगा ऐकून गावाकडून आलेले नवे गिऱ्हाईक ‘कापूस विकला की देतो’ असे म्हणून माल नेते. समजा सारी जादा विक्री तीन महिन्यांच्या उधारीवर झाली. शंभर रुपये तीन महिन्यांनी येतील. त्यांची माल नेण्याच्या दिवसाची किंमत ९५ रुपये ६३ पैसे. खरेदी, हमाली व कमिशनचे ७५ रुपये मात्र आधीच गेलेले. म्हणजे अंशदान २५ रुपयांवरून २० रुपये ६३ पैशांवर आले. व्याज शंभरावर सुटते, पण घाव बसतो तो पंचवीसावर. साऱ्या माळेची किंमत ३,१७,४६० वरून सुमारे २,६२,००० वर उतरते आणि साडेसतरा हजारांच्या नफ्याचा अडतीस हजारांचा तोटा होतो. त्यातही एकही पैसा बुडला नाही असे धरून. सुरतेच्या किंवा मालेगावच्या व्यापाऱ्याकडून तितक्याच मुदतीची उधारी मिळत असेल तर हा भार बराच हलका होतो. तेव्हा जाहिरातीचा निर्णय करताना गिऱ्हाईक किती येईल याच्याबरोबर ते कोणत्या बोलीवर माल नेईल हेही धरावे लागते.

पहिली जाहिरात पुरती ओसरण्याआधी दुसरी सुरू केली, तर दोन्ही माळा एकमेकींत गुंततात. अशा वेळी दुसरीच्या पहिल्या महिन्यातील सारी वाढ तिच्या नावे लिहू नये. पहिलीचा उरलेला अंश आधी वजा करावा. वरील उदाहरणात चौथ्या महिन्यात दुसरी जाहिरात केली तर १,३७,२०० रुपयांची विक्री पहिलीचीच आहे. ती दुसरीला दिली तर नवी जाहिरात आहे त्याहून सरस वाटेल आणि तिसरीवर अधिक पैसा जाईल. मालकाने म्हणून पहिल्या जाहिरातीच्या दिवशीच एक वेगळे पान उघडावे. त्यावर अपेक्षित विक्री, प्रत्यक्ष विक्री, जादा अंशदान आणि त्याची वटवलेली किंमत असे चार रकाने असावेत, आणि आठ महिने ते पान मिटू नये.